‘स्टोअर सांभाळले’ या ओळीचे काय करायचे? रिझ्युमेतील कामांची यादी आकड्यांत आणि जाहिरातीच्या भाषेत मांडण्याची पद्धत

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतील कारखान्यात तीन-चार वर्षे काम केलेला उमेदवार शिरवळ, रांजणगाव किंवा चाकणच्या जागेसाठी रिझ्युमे पाठवतो, तेव्हा त्यात ‘जबाबदाऱ्या’ या मथळ्याखाली पाच-सहा ओळी ठरलेल्या असतात. माल उतरवून घेणे, नोंदी ठेवणे, वरिष्ठांना अहवाल देणे, इतर विभागांशी समन्वय ठेवणे. या ओळी खोट्या नसतात, पण त्या त्या उमेदवाराच्याही नसतात. त्या जागेवर बसणाऱ्या कोणत्याही माणसाला त्या लागू पडतात, कारण कंपनीने नेमणूक करताना दिलेल्या कामांच्या यादीवरूनच त्या उतरवलेल्या असतात. निवड करणाऱ्याला स्टोअरमध्ये काय काम चालते हे आधीच ठाऊक असते. तुम्ही तिथे असल्यामुळे काय बदलले, एवढेच त्याला कळायचे राहिलेले असते.

हा लेख एकाच उदाहरणावर चालवला आहे. कुपवाडमधील एका मशिन शॉपमध्ये साडेतीन वर्षे स्टोअर असिस्टंट म्हणून काम करणारा एक उमेदवार आहे, असे समजू. त्याला शिरवळमधील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातील ‘इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह’ या जागेसाठी अर्ज करायचा आहे. उमेदवार, जाहिरात आणि आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, मात्र हिशोबाची रीत कोणत्याही स्टोअरला जशीच्या तशी लागू पडते. येथे रिझ्युमेच्या ओळी मराठीत दिल्या असल्या, तरी प्रत्यक्ष रिझ्युमे जाहिरात ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजीत लिहावा.

जाहिरात आधी, रिझ्युमे नंतर

पहिली पायरी म्हणून जाहिरात कागदावर छापून घ्यावी आणि पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात कामांची नावे अधोरेखित करावीत आणि दुसऱ्या वाचनात कोणती गोष्ट आवश्यक म्हटली आहे व कोणती असल्यास प्राधान्य म्हटले आहे, हे वेगळे करावे. आपल्या उदाहरणातील जाहिरातीत पाच अपेक्षा आहेत. सायकल काउंटिंगद्वारे इन्व्हेंटरी ॲक्युरसी ९८ टक्क्यांच्या वर राखणे, सॅप या सॉफ्टवेअरमध्ये जीआरएन म्हणजे आलेल्या मालाच्या आणि मटेरियल इश्यू म्हणजे दिलेल्या मालाच्या नोंदी करणे, नॉन-मूव्हिंग आणि स्लो-मूव्हिंग इन्व्हेंटरीवर नियंत्रण ठेवणे, फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी देण्याची रीत पाळणे, आणि लाइन स्टॉपेज टाळण्यासाठी पर्चेस व प्रॉडक्शनशी समन्वय ठेवणे. अनुभव तीन ते पाच वर्षांचा हवा आहे.

येथे क्रमाकडे लक्ष द्यावे. ॲक्युरसीचा मुद्दा सर्वांत वर आहे आणि पाच अपेक्षांपैकी फक्त त्याच मुद्द्याला आकडा दिलेला आहे. जाहिरात लिहिणाऱ्याने ज्या गोष्टीला आकडा दिला, ती गोष्ट त्याच्या कारखान्यात दर महिन्याला मोजली जाते आणि बहुधा तिथेच काहीतरी दुखते आहे, असे धरून चालायला हरकत नाही. तुमच्या रिझ्युमेतील सर्वांत भक्कम ओळही त्याच मुद्द्यावर यायला हवी.

आता उमेदवाराचा जुना रिझ्युमे पाहू. त्यातील ओळी अशा आहेत: ‘स्टोअरमधील दैनंदिन कामकाज पाहणे. जीआरएन तयार करणे आणि माल इश्यू करणे. महिन्याच्या स्टॉक मोजणीत सहभाग. डेड स्टॉकची यादी ठेवणे. पर्चेस विभागाशी समन्वय.’ या पाच ओळींपैकी पहिली सरळ काढून टाकावी, कारण उरलेल्या चार ओळी म्हणजेच दैनंदिन कामकाज. बाकीच्या चारही ओळींचा जाहिरातीतील कुठल्या ना कुठल्या अपेक्षेशी संबंध आहे, पण वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

आकडे कुठून काढायचे

‘आमच्या कामात आकडे नसतात’ असे म्हणणारे उमेदवार फार भेटतात, आणि त्यात स्टोअरमधली माणसे असली की नवल वाटते, कारण कारखान्यात स्टोअरइतकी मोजदाद दुसरीकडे कुठे होत नाही. आकडे असतात, ते रिझ्युमेसाठी म्हणून कोणी मांडून ठेवलेले नसतात. प्रत्येक जुन्या ओळीसमोर तीन प्रश्न लिहावेत. हे काम किती आणि किती वेळा होत होते? मी आलो तेव्हा स्थिती काय होती आणि आता काय आहे? आणि हे काम नीट झाले नसते, तर कोणाचे काय अडले असते?

उत्तरे नेहमीच्या कागदांत सापडतात. महिन्याच्या मोजणीच्या शीट्स, गेटवरचे इनवर्ड रजिस्टर, इंटर्नल ऑडिटमध्ये निघालेले मुद्दे, महिनाअखेरचा अहवाल, इतकेच काय, ‘अमुक इन्सर्ट संपले’ म्हणून प्रॉडक्शनने ग्रुपवर टाकलेले मेसेजसुद्धा उपयोगी पडतात. जीआरएनची संख्या काढण्याची एक सोपी युक्ती आहे. अनेक ठिकाणी जीआरएनचे क्रमांक १ एप्रिलला नव्याने सुरू होतात, त्यामुळे ३१ मार्चचा शेवटचा क्रमांक म्हणजेच वर्षभरातील एकूण जीआरएन. तो क्रमांक ४,२९० असेल आणि कामाचे दिवस साधारण ३०० धरले, तर दिवसाला सरासरी १४ जीआरएन झाले. स्टोअरमध्ये दोघे जण असतील, तर तेही लिहावे. ‘दोन जणांच्या स्टोअरमध्ये दररोज सरासरी १४ जीआरएन’ ही ओळ कामाचा आवाका प्रामाणिकपणे दाखवते. सगळे १४ आपल्याच नावावर टाकले, तर मुलाखतीत पहिल्याच उलटतपासणीत ते उघडे पडते.

येथे एक मर्यादा सांभाळावी लागते. कंपनीच्या फाइल्स, ग्राहकांची नावे, खरेदीचे दर किंवा पुरवठादारांच्या याद्या बाहेर नेऊ नयेत आणि रिझ्युमेत लिहू नयेत. आपल्याला लागतात ती टक्केवारी, आयटेमची संख्या आणि कालावधी. रुपयांतला आकडा द्यायचा असेल तर आधी वरिष्ठांना विचारावे, आणि शंका असेल तर प्रमाणावर भागवावे.

एक ओळ, मुळापासून

‘महिन्याच्या स्टॉक मोजणीत सहभाग’ ही ओळ घेऊ, कारण जाहिरातीतील पहिल्या अपेक्षेशी तिचेच नाते आहे. उमेदवाराला विचारले की ही मोजणी कशी होते, तर तो सांगतो: ए वर्गातले, म्हणजे वर्षभरातील खपाची एकूण किंमत जास्त असलेले, ८० आयटेम ठरवले आहेत. दर महिन्याला ते प्रत्यक्ष मोजायचे, सिस्टीममधल्या आकड्याशी ताडून पाहायचे आणि फरक लिहायचा. आधी ही मोजणी फक्त मार्चअखेरीस होत असे. दरमहा करायला त्याने आणि स्टोअर इनचार्जने मिळून सुरुवात केली. म्हणजे ‘सहभाग’ या शब्दाआड एक नवी पद्धत दडलेली होती, आणि ती नेमकी जाहिरातीने मागितलेली पद्धत आहे.

आता आकडा. पहिल्या महिन्याच्या शीटमध्ये ८० पैकी ६६ आयटेम जुळले होते आणि १४ जुळले नव्हते. ६६ भागिले ८० म्हणजे ८२.५ टक्के. आठव्या महिन्यात ७७ जुळले, म्हणजे ९६.२५ टक्के. शीट एक्सेलमध्ये असेल आणि ई या स्तंभात सिस्टीम व प्रत्यक्ष यांतला फरक असेल, तर हा हिशोब एका ओळीत निघतो:

```
=COUNTIF(E2:E81,0)/COUNT(E2:E81)
```

हे सूत्र फरक शून्य असलेले आयटेम मोजून त्यांना एकूण मोजलेल्या आयटेमच्या संख्येने भागते. वजनावर मोजल्या जाणाऱ्या वॉशरसारख्या मालात मात्र अगदी शून्य फरक मिळत नाही, म्हणून तिथे कंपनीने किती टक्के फरक मान्य धरला आहे हे आधी पाहावे, त्या मर्यादेतल्या आयटेमना जुळलेले समजावे आणि दोन्ही महिन्यांना एकच कसोटी लावावी. पहिल्या महिन्याला कडक आणि शेवटच्या महिन्याला सैल कसोटी लावली, तर सुधारणा कागदावरच राहते.

नुसता आकडा वाढला, एवढ्याने ओळ पुरी होत नाही. तो का वाढला, हे सांगता आले पाहिजे. पहिल्या महिन्यातल्या १४ चुकांची कारणे लावून पाहिली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सहा आयटेममध्ये रात्रपाळीला माल स्लिपशिवाय दिला जात होता आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशी आठवेल तशी होत होती. चार आयटेम नट-बोल्टचे होते, जे किलोवर यायचे आणि नगावर इश्यू व्हायचे, पण एका किलोत किती नग हे सिस्टीममध्ये चुकीचे भरले होते. तीन आयटेममध्ये रिजेक्ट झालेला माल चांगल्या मालाच्या रॅकवरच पडून होता आणि मोजणीत धरला जात होता. उरलेल्या एकाचे कारण सापडले नाही. यावर उमेदवाराने केले ते इतकेच: रात्रपाळीच्या इश्यूची नोंद पाळी संपण्याआधी करण्याचा नियम सुपरवायझरकडून मान्य करून घेतला, चार आयटेमचे प्रत्येकी एक किलो माल मोजून नगांचा आकडा दुरुस्त करवून घेतला आणि रिजेक्ट मालासाठी लाल पट्टीचा वेगळा रॅक लावला.

या सगळ्यातून तयार झालेली ओळ अशी:

> ए वर्गातील ८० आयटेमचे मासिक सायकल काउंटिंग स्टोअर इनचार्जसोबत सुरू केले. रात्रपाळीतील इश्यूची त्याच पाळीत नोंद आणि युनिट दुरुस्ती यांमुळे इन्व्हेंटरी ॲक्युरसी आठ महिन्यांत ८२.५ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर आली.

या ओळीत काय केले, कशाच्या जोरावर केले, किती आयटेमवर, किती काळात आणि कुठून कुठे, हे सगळे आहे. ‘सायकल काउंटिंग’ आणि ‘इन्व्हेंटरी ॲक्युरसी’ हे दोन शब्द जाहिरातीतलेच आहेत. ‘इनचार्जसोबत’ हा शब्द गाळण्याचा मोह होईल, पण तो राहू द्यावा. साडेतीन वर्षांच्या अनुभवाच्या असिस्टंटने अशी पद्धत एकट्याने सुरू केली, हे वाचणाऱ्याला पटत नाही. इनचार्जबरोबर सुरू केली हे सहज पटते.

जाहिरातीला ९८ हवेत आणि उमेदवाराकडे ९६ आहेत, याची काळजी अनेकांना वाटते. ९६ चे ९८ करू नयेत. ८२ वरून ९६ वर आलेला माणूस आणि आधीपासूनच ९८ वर असलेल्या व्यवस्थेत नोंदी करत बसलेला माणूस, यांत काय फरक आहे हे अनुभवी स्टोअर मॅनेजर ओळखतो. माझे मत विचाराल तर पहिल्याला मुलाखतीला बोलावण्याकडे त्याचा कल जास्त असतो.

टक्क्यांत होणाऱ्या दोन चुका

८२.५ वरून ९६.२५ ही वाढ ‘१३.७५ टक्के’ नाही, ती १३.७५ टक्केबिंदूंची आहे. ८२.५ च्या तुलनेत टक्क्यांत मोजली, तर ती साधारण १६.७ टक्के भरते. न जुळणारे आयटेम १४ वरून ३ वर आले, हे सांगायचे असेल तर चुका जवळपास ७९ टक्क्यांनी घटल्या, असेही म्हणता येते. तिन्ही आकडे एकाच घटनेचे आहेत, आणि म्हणूनच ‘७९ टक्के सुधारणा’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला शंका येते. ‘इतक्यावरून इतक्यावर’ ही रचना ठेवली, की हा गोंधळ मुळातच टळतो आणि वाचणाऱ्याला हिशोबही करावा लागत नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि स्टोअरमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांकडूनही होते. ॲक्युरसी दोन प्रकारे मोजली जाते: किती आयटेम जुळले यावरून आणि रुपयांत किती फरक आला यावरून. रुपयांच्या हिशोबात जास्तीचा आणि कमीचा माल एकमेकांना झाकतो. समजा, ५०० रुपयांची १० बेअरिंग कमी भरली, म्हणजे ५,००० रुपये उणे, आणि २४० रुपयांची २० इन्सर्ट जास्त भरली, म्हणजे ४,८०० रुपये अधिक. निव्वळ फरक २०० रुपयांचा. एकूण स्टॉक दोन लाखांचा असेल, तर ॲक्युरसी ९९.९ टक्के दिसते आणि प्रत्यक्षात दोन्ही आयटेम चुकलेले असतात. बेअरिंग मागायला आलेल्या माणसाला त्या ९९.९ चा काही उपयोग नसतो. म्हणून तुमच्याकडचा आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे स्वतःला माहीत असले पाहिजे, आणि ओळीत ‘८० आयटेम’ असा उल्लेख ठेवला म्हणजे तो आयटेमवर आधारलेला आहे हे वाचणाऱ्यालाही कळते. मुलाखतीत तुम्हीच उलट विचारावे की आपल्याकडचे ९८ टक्के आयटेमवर आहेत की किमतीवर. हा प्रश्न विचारणारा उमेदवार रोज येत नाही.

श्रेय जेवढे असेल तेवढेच

‘डेड स्टॉकची यादी ठेवणे’ या ओळीत वेगळी अडचण येते. जाहिरातीत याला ‘नॉन-मूव्हिंग इन्व्हेंटरी’ म्हटले आहे आणि दोन्हींचा अर्थ या उमेदवाराच्या कारखान्यात एकच आहे, म्हणून जाहिरातीचा शब्द घ्यायला अडचण नाही. आकडाही आहे: १८ महिने न हललेल्या १२० आयटेमपैकी वर्षभरात ४६ आयटेम निकाली निघाले. पण ते काढले कोणी? कोणता माल पुरवठादाराकडे परत जाईल हे पर्चेसने ठरवले, काय भंगारात जाईल हे अकाउंट्स आणि मालकांनी ठरवले. उमेदवाराने यादी तयार केली, प्रत्येक आयटेमची शेवटच्या इश्यूची तारीख शोधली आणि दर तिमाहीला ती यादी बैठकीत ठेवली.

अशा वेळी क्रियापदावर मेहनत घ्यावी. ‘नॉन-मूव्हिंग इन्व्हेंटरी ३८ टक्क्यांनी कमी केली’ असे लिहिले तर अर्धे श्रेय उसने घेतल्यासारखे होते, आणि ‘कोणता माल भंगारात काढायचा हे तुम्ही कसे ठरवले?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ‘कमी करण्यात मदत केली’ म्हटले तर केलेले कामही पुसले जाते. त्यापेक्षा केलेली कृती आधी आणि निकाल नंतर, असे लिहावे:

> १८ महिन्यांहून अधिक काळ न हललेल्या १२० आयटेमची नॉन-मूव्हिंग यादी शेवटच्या इश्यूच्या तारखेसह तयार करून दर तिमाहीला सादर केली. तिच्या आधारे पर्चेस आणि अकाउंट्सने वर्षभरात ४६ आयटेम परत पाठवले किंवा निकाली काढले.

यात उमेदवाराचा वाटा नेमका दिसतो आणि तो कमीही वाटत नाही. जाहिरातीत ‘नियंत्रण’ म्हटले आहे, पण हा शब्द येथे उचलला नाही, कारण निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

आधीचा आकडाच नसेल तर

‘पर्चेस विभागाशी समन्वय’ या ओळीवर बहुतेक जण अडतात. जाहिरातीला लाइन स्टॉपेज टाळलेले हवे आहे, आणि उमेदवाराच्या कारखान्यात माल संपल्यामुळे मशिन किती वेळ बंद राहिले याची नोंद कुणी ठेवलेलीच नाही. मग ‘लाइन स्टॉपेज ३० टक्क्यांनी घटवले’ असे लिहून टाकण्याची प्रथा पडली आहे. रिझ्युमे वाचणाऱ्यांना या ३० टक्क्यांची इतकी सवय झाली आहे की आता त्यावर नजरही थांबत नाही. अंदाज असेल तर तो अंदाज कशावरून बांधला हे सांगता यायला हवे. तसे सांगता येत नसेल तर तो आकडा लिहू नये.

आधी-नंतरची तुलना नसली तरी आवाका, वारंवारता आणि नियमितपणा यांचे आकडे असतात. या उमेदवाराने इन्सर्ट, कूलंट, पॅकिंग बॉक्स अशा २५ नेहमीच्या आयटेमची किमान पातळी प्रॉडक्शनला विचारून ठरवली आणि त्या पातळीखाली गेलेल्या मालाची यादी तो दर सोमवारी सकाळी पर्चेसला पाठवतो. तेवढेच लिहावे: ‘लाइन स्टॉपेज टाळण्यासाठी प्रॉडक्शनशी चर्चा करून २५ कन्झ्युमेबल आयटेमची किमान पातळी निश्चित केली; पातळीखालील मालाची साप्ताहिक यादी पर्चेसला देतो.’ यात निकालाचा दावा नाही, हेतू आणि काम आहे, आणि दोन्ही तपासता येतात. तुम्ही अजून त्याच नोकरीत असाल, तर आजपासून एका वहीत माल संपल्याच्या घटना तारखेनिशी लिहायला लागा. तीन महिन्यांनी खरा आकडा हाताशी येईल.

जाहिरातीचे शब्द घेताना

नोकरीच्या संकेतस्थळावर भरतीचे काम करणारा माणूस हजारो रिझ्युमे वाचत नाही. तो शब्द टाकून शोधतो आणि समोर येणारे उघडतो. तुमच्या रिझ्युमेत ‘महिन्याची मोजणी’ असेल आणि तो ‘सायकल काउंटिंग’ शोधत असेल, तर काम तेच असूनही तुम्ही त्याच्या यादीत न येण्याची शक्यता असते. म्हणून जाहिरातीतला शब्द त्याच स्पेलिंगमध्ये घ्यावा आणि जीआरएनसारख्या संक्षेपाचे पूर्ण रूपही एकदा लिहावे, कारण शोधणारा दोन्हींपैकी काय टाकेल ते सांगता येत नाही.

मात्र शब्द उचलण्याआधी त्यामागचे काम आपण खरोखर करतो का, हे पाहावे. वर्षातून एकदा सगळा माल मोजणे म्हणजे सायकल काउंटिंग नव्हे. ठरावीक आयटेम ठरावीक अंतराने वर्षभर मोजत राहणे म्हणजे सायकल काउंटिंग. आपला उमेदवार दरमहा ८० आयटेम मोजतो, म्हणून तो शब्द त्याला लागू पडतो. फिफोचेही तसेच आहे. आधी आलेला माल आधी जातो, एवढे तोंडाने म्हणणे पुरेसे नाही. मालावर तारखेचे टॅग आहेत का आणि इश्यू करताना ते पाहिले जातात का, हे विचारले जाते. त्याच्या स्टोअरमध्ये फक्त कूलंट, ऑइल आणि रबर सील यांवरच तारखेचे टॅग लागतात, म्हणून त्याने ‘ऑइल, कूलंट आणि रबर सीलसाठी तारखेच्या टॅगने फिफो’ असे लिहिले. मर्यादित लिहिल्यामुळे ते अधिक खरे वाटते.

सर्वांत जास्त गडबड सॅपबाबत होते. जाहिरातीला सॅप हवे आहे आणि उमेदवार टॅलीवर काम करतो. ‘सॅपचे ज्ञान’ असे लिहिले, तर समोरचा माणूस विचारतो की `MIGO` मध्ये पर्चेस ऑर्डरचा माल घेताना कोणता मूव्हमेंट टाइप लावता आणि प्रॉडक्शन ऑर्डरला इश्यू करताना कोणता. याचे उत्तर अनुक्रमे 101 आणि 261 असे आहे, पण ते पाठ करून जाण्यात अर्थ नाही, कारण पुढचा प्रश्न चुकीची नोंद उलटवायची कशी हा असतो. त्याऐवजी जे आहे ते नीट लिहावे: ‘टॅली प्राइममध्ये जीआरएन आणि मटेरियल इश्यूच्या नोंदी, दोन जणांच्या स्टोअरमध्ये दररोज सरासरी १४ जीआरएन.’ जाहिरातीतील ‘जीआरएन’ आणि ‘मटेरियल इश्यू’ हे शब्द आले आणि सॅपबद्दल खोटे काही आले नाही. सॅपचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, तर तो शिक्षणाच्या भागात, अभ्यासक्रम म्हणूनच लिहावा.

जाहिरातीची सगळी वाक्ये उचलून आपल्या रिझ्युमेत चिकटवणे किंवा शोधात यावे म्हणून पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे, असे उपायही काही जण सांगतात. फाइलमधला मजकूर साधा करून पाहिला की ती पांढरी अक्षरे इतर अक्षरांसारखीच समोर येतात. एका ओळीत जाहिरातीचे एक किंवा दोन शब्द पुरतात.

मांडणी आणि तपासणी

ओळींचा क्रम जाहिरातीच्या क्रमाने लावावा: आधी ॲक्युरसी, मग जीआरएन, मग नॉन-मूव्हिंग, फिफो आणि शेवटी पर्चेसशी समन्वय. चालू नोकरीसाठी चार-पाच ओळी पुरतात, त्याआधीच्या नोकरीसाठी दोन. सगळ्या ओळींची एक मोठी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावी आणि प्रत्येक जाहिरातीसाठी तिच्यातून निवड करून वेगळी प्रत काढावी. पुढची जाहिरात वेअरहाउसची असेल, तर जीआरएनची ओळ वर जाईल आणि गेट एन्ट्रीपासून नोंदीपर्यंतचा वेळ महत्त्वाचा ठरेल. तो वेळ काढायचा असेल, तर गेटच्या रजिस्टरमधील वेळ आणि जीआरएनची वेळ ३० नोंदींसाठी ताडून पाहावी आणि सरासरी घ्यावी. या ३० नोंदी वेगवेगळ्या आठवड्यांतल्या असाव्यात, कारण महिनाअखेरीस माल एकदम येतो आणि तेव्हाचाच वेळ धरला, तर आकडा विनाकारण वाईट दिसतो.

दोन स्तंभांचे, चौकटी आणि चिन्हे घातलेले नमुने दिसायला छान असतात, पण भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांतला मजकूर उलटसुलट होऊ शकतो. तपासायला सोपे आहे: फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. कंपनीचे नाव एकीकडे, तारखा दुसरीकडे आणि ओळी तिसऱ्याच नोकरीखाली गेल्या असतील, तर साधा एका स्तंभाचा नमुना घ्यावा.

पाठवण्यापूर्वी रिझ्युमे त्याच कारखान्यातल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला, शक्यतो प्रॉडक्शनमधल्या, वाचायला द्यावा. ‘हे तू केलंस?’ असे तो ज्या ओळीवर विचारेल, त्या ओळीचे क्रियापद पुन्हा पाहावे. संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्ये जुन्याच ओळी राहिल्या असतील, तर त्याही बदलाव्यात, कारण अनेक ठिकाणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले जाते.

शेवटी, प्रत्येक आकड्याचा हिशोब एका कागदावर लिहून ठेवावा: कोणत्या महिन्याची शीट, ८० पैकी किती जुळले, वजनाच्या मालाला कोणती कसोटी लावली, १४ चुकांची कारणे कोणती. शिरवळच्या मुलाखतीची तारीख दोन महिन्यांनीही येऊ शकते, आणि तोवर रात्रपाळीच्या सहा आयटेमचे तपशील डोक्यातून गेलेले असतात.